पहिला आत आल्यानंतर

भाचीने फोनवर अहवालातली एक ओळ वाचून दाखवली आणि ती गप्प झाली. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतला तो दुसऱ्या दिवशीचा अहवाल होता. किती बीजे मिळाली, त्यांतली किती परिपक्व होती, किती फळली, आणि सर्वांत खाली: ‘थ्री पीएन – एक, वापरण्यायोग्य नाही.’ थ्री पीएन म्हणजे फळलेल्या बीजात दोनऐवजी दिसलेली तीन केंद्रके. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मावशी, त्या बीजात दोन शुक्राणू शिरले असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. पण एक शिरला की बाकीच्यांना बंदी असते ना? तूच तर शिकवायचीस. मग माझ्याच बीजात काही खोट आहे का?” मी तिला जमेल तसे समजावले, तिचा आवाज थोडा सैल झाला, आणि आम्ही इंजेक्शनांच्या वेळा नि घरचे जेवण यांवर बोलू लागलो. फोन ठेवल्यावर मात्र तिचे ते वाक्य मनातून जाईना. एक शिरला की बाकीच्यांना बंदी. वाक्य बरोबर आहे, महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना ते मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहे. पण त्या वाक्यातल्या ‘की’ या एका अक्षरात किती वेळ दडलेला आहे, याचा विचार वर्गात करायला सवड नसते.

अडचण साधी आहे. बीजांडाला आधीपासून बंद राहता येत नाही, कारण मग कुणालाच आत येता येणार नाही आणि फलनच होणार नाही. बंद व्हायचे ते पहिला शुक्राणू आत आल्यानंतर, आणि तो आल्याची खबरही त्याच्या येण्यातूनच मिळणार. म्हणजे पहिल्याचा प्रवेश आणि बाकीच्यांना बंदी यांच्यामध्ये काही क्षणांची फट राहणारच. बीजांडाच्या पृष्ठभागावर त्या वेळी एकटा शुक्राणू नसतो. बहुतेक सागरी प्राण्यांत तर त्याच्याभोवती शेकडोंची गर्दी असते. फलनाच्या पहिल्या मिनिटात जे काही घडते, त्यातले बरेचसे या फटीची व्यवस्था लावण्यासाठी घडते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

हे मिनिट डोळ्यांनी पाहता येते, आणि ते पाहायचे तर सी-अर्चिनसारखा प्राणी नाही. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीला, खडकांच्या खोबणींत काळपट जांभळ्या काट्यांचे हे गोळे घट्ट रुतून बसलेले दिसतात. विद्यार्थिदशेत एका सागरी प्रयोगशाळेत आम्हांला त्याचे फलन दाखवले होते. प्राण्याच्या तोंडाभोवतीच्या मऊ त्वचेतून पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण टोचले की थोड्याच वेळात जननछिद्रांतून नराचा दुधाळ पांढरा स्राव आणि मादीची पिवळसर नारिंगी अंडी बाहेर येऊ लागतात. मादीला समुद्राच्या पाण्याने भरलेल्या चंचुपात्रावर उलटी ठेवायची, म्हणजे अंडी धाग्यासारख्या धारांनी तळाशी उतरतात. नराचा स्राव मात्र पाणी न लावता बर्फावर जपायचा, कारण पाण्यात पडला की शुक्राणू जोमाने पोहू लागतात आणि लवकर थकतात. काचपट्टीवर अंड्यांचा एक थेंब, त्यात पातळ केलेल्या शुक्राणूंचा एक थेंब, आणि मग डोळा नेत्रिकेला लावून श्वास रोखून बसायचे. मिठाचा नि शेवाळाचा तो दमट वास मला अजून आठवतो. एक दशांश मिलिमीटरच्या त्या गोल, दाणेदार अंड्याभोवती सूक्ष्म हालचाल उसळते, शुक्राणूंच्या शेपट्यांनी अख्खे अंडे क्वचित हळूहळू गिरकी घेऊ लागते, आणि पाऊण मिनिटाच्या आसपास अंड्याच्या एका बाजूला काठापासून एक बारीक चकाकती रेघ सुटी होते. विस्तवावर टाकलेल्या फुलक्याचा पापुद्रा एका कडेने सुटून सगळीकडे फुगत जावा, तशी ती रेघ अंड्याभोवती फिरत जाते. बघता बघता प्रत्येक अंड्याभोवती एक पारदर्शक कडे उभे राहते. त्या कड्याच्या बाहेर राहिलेले शुक्राणू बाहेरच राहतात.

त्या वेळी आमचे सगळे लक्ष त्या कड्याकडे होते. त्याआधी शुक्राणूच्या टोकाशी जे घडून गेलेले असते, ते साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. शुक्राणूच्या डोक्याच्या अगदी अग्रभागी एक लहानशी पिशवी असते, तिला अ‍ॅक्रोसोम म्हणतात. अंड्याभोवतीच्या जेलीतल्या विशिष्ट शर्करांशी गाठ पडली की शुक्राणूत कॅल्शियम शिरते, पिशवीचे पटल शुक्राणूच्या बाहेरच्या पटलाशी जोडले जाते आणि पिशवी फुटून तिच्यातला ऐवज बाहेर पडतो. त्याच वेळी आतली आम्लता कमी होते, आणि सुटे सुटे असलेले अ‍ॅक्टिन हे प्रथिन क्षणात एकमेकांना जोडले जाऊन त्याचा ताठ धागा तयार होतो. हा धागा डोक्याच्या टोकातून बोटासारखा पुढे येतो. त्याच्यावर बाइंडिन नावाच्या प्रथिनाचे लिंपण असते, आणि ते बहुधा स्वतःच्याच जातीच्या अंड्याला चिकटते. हा सगळा प्रकार पहिल्यांदा नीट दाखवला तो जीन क्लार्क डॅन या अमेरिकन संशोधिकेने. जपानी भ्रूणशास्त्रज्ञ कात्सुमा डॅन यांच्याशी विवाह करून त्या जपानात स्थायिक झाल्या होत्या. मिसाकीच्या सागरी प्रयोगशाळेत त्या वेळी नव्याच असलेल्या फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने त्यांनी १९५२ मध्ये ही प्रतिक्रिया वर्णन केली.

या प्रतिक्रियेतली मला विशेष वाटणारी गोष्ट ही की ती एकदाच होते. पिशवी एकदा फुटली की ती पुन्हा भरत नाही. योग्य जागेच्या आधीच फुटली तर तो शुक्राणू पोहत राहतो, पण त्याचा उपयोग संपलेला असतो. अंड्यापाशी पोहोचलेल्या गर्दीतले कित्येक असे वाया गेलेले असतात. तरीही वेळेवर तयार असलेल्यांची संख्या एकाहून कितीतरी जास्त असते, आणि म्हणून ती फट धोक्याची ठरते.

दोन आले तर बिघडते काय?

याचे उत्तर जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी सी-अर्चिनच्याच अंड्यांवर शोधले आणि १९०२ मध्ये प्रसिद्ध केले. शुक्राणूंचे प्रमाण मुद्दाम वाढवून त्यांनी दोन शुक्राणू शिरलेली अंडी मिळवली. वरवर पाहता गुणसूत्रांचा एक संच जास्त झाला, एवढेच नुकसान वाटते. पण शुक्राणू गुणसूत्रांबरोबर आणखी एक गोष्ट आणतो, ती म्हणजे सेंट्रोसोम, पेशी विभागताना गुणसूत्रे ओढून नेणाऱ्या धाग्यांचे केंद्र. नेहमीच्या फलनात एक सेंट्रोसोम येतो, त्याचे दोन होतात, पेशीला दोन ध्रुव मिळतात आणि पेशी नीट दोन भागांत विभागते. दोन शुक्राणू आले की दोन सेंट्रोसोम येतात, त्यांचे चार होतात, आणि अंडे पहिल्याच फटक्यात चार पेशींत फुटते. आता हिशेब करून पाहा. बोव्हेरींच्या सी-अर्चिनमध्ये एका संचात १८ गुणसूत्रे होती. अंड्याचा एक संच आणि शुक्राणूंचे दोन, मिळून ५४. विभाजनापूर्वी प्रत्येकाची एक प्रत तयार होते, म्हणजे वाटायला १०८. ती चार पेशींत वाटायची तर प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी २७ येणार. नेहमीच्या पेशीत ३६ असतात, प्रत्येक प्रकारची दोन. पण खरी अडचण संख्येची नाही. चार ध्रुव ओढाताण करत असताना कोणते गुणसूत्र कुणाकडे जाईल याला काही नियम उरत नाही. एका पेशीला एखाद्या प्रकारची तीन मिळतील, तर दुसरीला त्या प्रकारचे एकही मिळणार नाही.

बोव्हेरींनी इथे न थांबता त्या चार पेशी कॅल्शियमविरहित समुद्रजलात एकमेकींपासून सुट्या केल्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र वाढू दिले. नेहमीच्या अंड्याच्या चार पेशी अशा सुट्या केल्या तर चारही लहानशा पण सारख्या अळ्या बनतात. दोन शुक्राणूंच्या अंड्याच्या चार पेशींचे मात्र चार वेगळे हाल झाले. एक लवकर मेली, दुसरी काही काळ वाढून थबकली, तिसरीचा सांगाडा बिघडला. आणखी एक सुंदर पडताळा त्यांनी घेतला. फलनानंतर लगेच अंडी हलवली तर काही अंड्यांत एका सेंट्रोसोमचे विभाजन होत नाही आणि चारऐवजी तीनच ध्रुव तयार होतात. तिथे १०८ ची वाटणी तिघांत होते, सरासरी ३६ येते, आणि प्रत्येक प्रकारचे निदान एक तरी मिळण्याची शक्यता वाढते. त्या अंड्यांपैकी नीट वाढलेल्यांचे प्रमाण चार ध्रुवांच्या अंड्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. गुणसूत्रे एकसारखी नसतात, प्रत्येकाचे काम वेगळे असते आणि पूर्ण संच असल्याशिवाय जीव घडत नाही, हा निष्कर्ष त्यांनी या फसलेल्या अंड्यांवरून काढला. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा एवढा मोठा पाया बीजांडाने रोखू न शकलेल्या दुसऱ्या शुक्राणूवर उभा आहे, याचा मला आजही अचंबा वाटतो.

तेव्हा ती फट भरायला हवी. आणि ते चकाकते कडे उभे राहायला तर जवळजवळ मिनिट लागते. तोवर काय?

याचे उत्तर लॉरिंडा जॅफी यांनी १९७६ मध्ये दिले. सी-अर्चिनच्या अंड्यात अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड घालून त्यांनी पटलाच्या आतला आणि बाहेरचा विद्युतदाब मोजला. फलन न झालेल्या अंड्यात आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. पहिला शुक्राणू जोडला जाताच पटलातून सोडियमचे आयन आत येतात, आणि एक ते तीन सेकंदांत हा दाब ऋण ७० वरून धन २० च्या आसपास जातो. त्यानंतर बाकीचे शुक्राणू अंड्याला चिकटतात खरे, पण त्यांचे पटल अंड्याच्या पटलात मिसळत नाही. जॅफी यांचा पुढचा प्रयोग मला अधिक पटणारा वाटतो. फलन न झालेल्या अंड्यात बाहेरून वीजप्रवाह सोडून त्याचा दाब त्यांनी धन करून ठेवला. आजूबाजूला भरपूर शुक्राणू असूनही फलन झाले नाही. प्रवाह बंद केल्यावर झाले. उलट, ज्या अंड्यांचा दाब पुरेसा वर चढू दिला नाही, त्यांत एकाहून अधिक शुक्राणू शिरले. समुद्राच्या पाण्यातले सोडियम कमी केले तरी तेच होते. शुक्राणू, अंडे, जेली, सगळे जिथल्या तिथे असते, फक्त आत यायला पुरेसा सोडियम नसतो, आणि तेवढ्यानेच एकामागून एक शुक्राणू शिरत जातात.

विजेची ही बंदी तत्काळ लागू होते, पण ती टिकाऊ नसते. सुमारे मिनिटभराने दाब पुन्हा खाली येऊ लागतो. तेवढ्या अवधीत दुसरी व्यवस्था पुरी व्हायला हवी, आणि त्यासाठी अंड्याने कितीतरी आधीपासून तयारी करून ठेवलेली असते. अंड्याच्या पटलाला आतून लागून सुमारे १५,००० सूक्ष्म पिशव्या ओळीने बसलेल्या असतात. त्यांना कॉर्टिकल कणिका म्हणतात, आणि प्रत्येकीचा व्यास साधारण एक मायक्रोमीटर असतो. शुक्राणू जिथे शिरला त्या बिंदूपासून अंड्याच्या आतल्या साठ्यातले कॅल्शियम सुटू लागते. आजूबाजूचा साठा त्या कॅल्शियममुळेच जागा होतो, तोही रिता होतो, आणि अशी ही लाट अर्ध्या मिनिटाच्या आसपास अंडे ओलांडून विरुद्ध टोकाला पोहोचते. जिथून लाट जाते तिथल्या कणिका पटलाशी जोडल्या जाऊन बाहेरच्या बाजूला रित्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती रेघ एका कडेने का सुटत गेली, ते यातून कळते. आम्ही जे पाहत होतो तो कॅल्शियमच्या लाटेचा माग होता.

या कणिकांमधल्या मालाचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. अंड्याच्या पटलावर बाहेरून एक पातळ थर घट्ट बसलेला असतो, त्याला व्हायटेलाइन थर म्हणतात, आणि शुक्राणू चिकटतात ते त्यावर. कणिकांमधले एक विकर हा थर पटलाशी बांधून ठेवणारे प्रथिनांचे टाके कापते, आणि त्याबरोबरच शुक्राणू धरून ठेवणाऱ्या रेणूंनाही छाटते, त्यामुळे चिकटून बसलेले जादा शुक्राणू गळून पडतात. कणिकांमधल्या मोठ्या शर्करा सुट्या झालेल्या फटीत पसरतात आणि समुद्राचे पाणी आत ओढून घेतात. पाण्याच्या दाबाने थर पटलापासून दूर उचलला जातो. हा उचललेला थर सुरुवातीला मऊ असतो आणि तसाच राहिला तर फाटेल. म्हणून कणिकांमधले आणखी एक विकर, ओव्होपेरॉक्सिडेज, त्यातल्या प्रथिनांना एकमेकांशी रासायनिक बंधांनी जखडून टाकते आणि आवरण कडक होते. या जखडण्यासाठी लागते हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि ते अंडे स्वतः तयार करते. ऑटो वारबुर्ग यांनी १९०८ मध्ये पाहिले होते की फलन होताच सी-अर्चिनचे अंडे एकदम पुष्कळ ऑक्सिजन घेते. हे श्वसन वाढल्याचे लक्षण असावे, असा समज बराच काळ होता. त्यातला मोठा वाटा पेरॉक्साइड बनवण्यासाठी जातो, हे खूप नंतर उलगडले. पेशीला घातक असे हे रसायन आपल्याच अंगाला खेटून तयार करायचे, आवरण पक्के होईपर्यंत वापरायचे, आणि त्याची झळ आत पोहोचू नये म्हणून ओव्होथायॉल नावाचा प्रतिरोधक रेणू आत साठवून ठेवायचा, इतका नेमका बंदोबस्त एका पेशीत असतो.

यातले एखादे पाऊल चुकले तर काय होते, तेही प्रयोगशाळेत दाखवता येते. सोयाबीनमध्ये एक प्रथिन असते, ते त्या टाके कापणाऱ्या विकराला निकामी करते. ते पाण्यात मिसळले तर थर काही ठिकाणी उचलला जातो आणि काही ठिकाणी पटलाला चिकटूनच राहतो, त्यामुळे आवरण एकसंध गोल न दिसता फुगवटे आल्यासारखे दिसते. अशा अंड्यांत बहुशुक्राणू फलनाचे प्रमाण वाढते. म्हणूनच अनुभवी माणूस आवरणाच्या नुसत्या आकारावरून पुढच्या विभाजनाचा अंदाज बांधतो. आवरण गोल आणि सगळीकडे सारखे सुटलेले असेल तर तासा-दीड तासाने स्वच्छ दोन पेशी दिसतील. एका अंड्याच्या एकदम तीन किंवा चार पेशी झालेल्या दिसल्या की त्या अंड्यात दुसरा शुक्राणू शिरून गेला होता, हे नक्की.

भाचीच्या प्रश्नाकडे येण्यासाठी समुद्र सोडून माणसाकडे वळावे लागते, आणि तिथे एक महत्त्वाचा फरक आहे. माणसाच्या बीजांडाला विजेची ती जलद बंदी नसते. उंदीर, ससा, हॅम्स्टर यांच्या बीजांडांतही ती सापडलेली नाही. कॅल्शियम वाढते, पण ते एका लाटेने संपत नाही. शुक्राणूने बरोबर आणलेल्या एका विकरामुळे ते काही तास ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उसळत राहते. कॉर्टिकल कणिकाही असतात आणि त्या रित्या होतात, पण त्यांचा परिणाम सेकंदांत नव्हे तर मिनिटांत दिसतो. त्यांतले ओव्हास्टॅसिन नावाचे विकर बीजांडाभोवतीच्या झोना पेल्युसिडा या जाड पारदर्शक आवरणातले झेडपी-टू हे प्रथिन कापते, आणि मग नव्या शुक्राणूंना त्या आवरणाला धरता येत नाही. आवरण ओलांडून आत आलेल्यांसाठी आणखी एक बंदी असते. शुक्राणूवरचे इझुमो हे प्रथिन बीजांडावरच्या जूनो या प्रथिनाला पकडते आणि त्यातून दोघांची पटले जुळण्याची वाट मोकळी होते. फलनानंतर बीजांड आपल्या पृष्ठभागावरचे जूनो सूक्ष्म पुटिकांमधून टाकून देते, आणि उंदरात हे होण्यास अर्धा ते पाऊण तास लागतो. जूनोचा हा शोध २०१४ चा आहे. आमच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नावही नव्हते.

इथे अ‍ॅक्रोसोमचे महत्त्व वेगळ्या बाजूने लक्षात येते. इझुमो हे प्रथिन आधी अ‍ॅक्रोसोमच्या पटलात आत झाकलेले असते, आणि पिशवी फुटल्याशिवाय ते डोक्याच्या पृष्ठभागावर येत नाही. त्यामुळे अ‍ॅक्रोसोम शाबूत असलेला शुक्राणू बीजांडाला कितीही खेटला तरी आत मिसळू शकत नाही. काही पुरुषांच्या शुक्राणूंची डोकी गोल असतात आणि त्यांत अ‍ॅक्रोसोम तयारच होत नाही. त्यांची संख्या आणि हालचाल चांगली असली तरी नैसर्गिक फलन होत नाही, ते याच कारणाने. ही पिशवी नेमकी कुठे फुटते, याबद्दलचे मतही बदलले आहे. झोनाला चिकटल्यावर फुटते, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या शुक्राणूंच्या अ‍ॅक्रोसोममध्ये चमकणारे हिरवे प्रथिन घालून फलन प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा ज्यांनी बीजांड फलित केले त्यांतल्या बहुतेकांचा हिरवा ठिपका झोनापर्यंत पोहोचण्याआधीच विझू लागलेला होता.

मग माणसाच्या बीजांडाची ती फट कशाने भरते? अंतराने. स्खलनात वीस-पंचवीस कोटी शुक्राणू असले तरी गर्भाशयमुख, गर्भाशय आणि बीजवाहिनीच्या अरुंद सुरुवातीपर्यंत त्यांतले बहुसंख्य गळतात, आणि बीजांड असते त्या जागी एका वेळी काही मोजकेच पोहोचतात. बीजवाहिनीच्या भिंतीला शुक्राणू काही काळ धरून राहतात आणि थोडे थोडे सुटतात. त्यामुळे पहिला शिरल्यानंतर दुसरा येईपर्यंत बराच वेळ मिळतो, आणि सावकाश चालणारी बंदी पुरेशी ठरते. सी-अर्चिनला उघड्या समुद्रात ही सोय नाही, म्हणून त्याला वीज लागते.

प्रयोगशाळेतल्या बशीत आपण हेच अंतर काढून टाकतो. बीजांड माध्यमाच्या थेंबात असते आणि त्याच थेंबात, मिलिलिटरमागे साधारणपणे लाखाच्या घरात शुक्राणू सोडले जातात. फलन व्हावे म्हणून ते आवश्यकच असते, पण दोन शुक्राणू थोड्या मिनिटांच्या अंतराने झोना ओलांडण्याची शक्यता त्यामुळे वाढते. डुकरांच्या बीजांडांवर काम करणाऱ्यांना हे फार जाणवते. बशीतल्या फलनात त्यांच्याकडे अनेक शुक्राणू शिरण्याचे प्रमाण खूप मोठे असते. अर्थात काही वेळा बीजांडाची बाजूही असते. बीजांड परिपक्व होताना कॉर्टिकल कणिका आतून काठाकडे येऊन बसतात, त्यामुळे ते अजून कच्चे असेल किंवा उशीर होऊन शिळे झाले असेल तर ही व्यवस्था लंगडी पडते. भाचीला मी तिथल्या भ्रूणतज्ज्ञ बाईंना दोन गोष्टी विचारायला सांगितल्या: फलन बशीत झाले की सुईने, आणि त्या भ्रूणात पोलर बॉडी, म्हणजे बीजांड आपली जादा गुणसूत्रे ज्यांतून बाहेर टाकते त्या चिमुकल्या पेशी, किती दिसल्या. उत्तर आले की फलन बशीत झाले आणि पोलर बॉडी दोन होत्या. यावरून निदान स्पष्ट होते. सुईने एकच शुक्राणू टोचला असतानाही कधी तीन केंद्रके दिसतात. तेव्हा बीजांडाने स्वतःचा जादा संच दुसऱ्या पोलर बॉडीतून बाहेर टाकलेला नसतो आणि पोलर बॉडी एकच दिसते. इथे दोन होत्या, म्हणजे बीजांडाने आपला हिशेब चोख केला होता आणि तिसरे केंद्रक दुसऱ्या शुक्राणूचे होते. बाकीची बीजे नीट फळली होती, त्यांच्यात एकेकच शुक्राणू शिरला होता. एका बीजांडात दोन शुक्राणू काही मिनिटांच्या अंतराने पोहोचले, एवढेच त्या ओळीतून वाचता येते. बीजात खोट असल्याचा पुरावा त्यात नाही, आणि हे मी तिला पुन्हा, या वेळी खात्रीने सांगितले.

तिचा पुढचा प्रश्न होता की मग तो भ्रूण टाकून का दिला, तो वाढला असता तर? काही काळ तो वाढलाही असता. असे भ्रूण तिसऱ्या दिवशी कधी कधी इतरांइतकेच नीटस दिसतात, कधी पाचव्या दिवसाच्या अवस्थेपर्यंतही पोहोचतात. म्हणूनच फलनानंतर १६ ते १८ तासांच्या सुमारास कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बसून केंद्रके मोजावी लागतात. त्यानंतर ती विरघळून एकत्र होतात आणि दोन होती की तीन, हे नुसत्या नजरेने कळत नाही. माणसाचाही सेंट्रोसोम मुख्यतः शुक्राणूकडूनच येतो, त्यामुळे अशा भ्रूणाचे पहिलेच विभाजन बऱ्याचदा तीन पेशींत होते, आणि बोव्हेरींच्या अंड्यांचा तोच हिशेब ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रांवर मांडावा लागतो. क्वचित ती गुणसूत्रे समान वाटली गेली तर गर्भ राहतो, पण तो बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत पडतो, किंवा वार द्राक्षाच्या घोसासारखी फुगत जाऊन ज्याला अंशतः द्राक्षगर्भ म्हणतात ती अवस्था येते. ते सारे भाचीला मी फोनवर सांगितले नाही. तो भ्रूण घातला असता तर तुला फार त्रास झाला असता, एवढेच सांगितले, आणि ते खरेच आहे.

फट भरण्याचे हे दोन मार्ग झाले, वीज आणि अंतर. पण निसर्गात तिसरी तऱ्हाही आहे, आणि तिच्यापुढे वरचे सगळे पुन्हा विचारात घ्यावे लागते. कोंबडीच्या अंड्यात बलकावरच्या त्या लहानशा पांढऱ्या ठिपक्यापाशी एक नव्हे, कितीतरी शुक्राणू आत शिरतात. बलकाच्या पातळ आवरणावर त्यांनी पाडलेली छिद्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. त्यांतल्या एकाच शुक्राणूचे केंद्रक मादीच्या केंद्रकाशी एकरूप होते. बाकीचे ठिपक्याच्या कडेला ढकलले जातात आणि तिथेच विरून जातात. अंडे त्यांना अडवत नाही. झेब्रा फिंच आणि कोंबडी यांच्यावर निकोला हेमिंग्ज आणि टिम बर्कहेड यांनी केलेले, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले काम तर असे दाखवते की फारच थोडे शुक्राणू शिरलेल्या अंड्यांतले भ्रूण सहसा जगत नाहीत. त्या जादा शुक्राणूंचे आत काही काम असले पाहिजे. बलकाचा डोलारा एवढा मोठा आहे की विकास सुरू करून द्यायला एका शुक्राणूने उठवलेले कॅल्शियम पुरत नसावे, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते बरोबर असेल, तर सी-अर्चिनच्या अंड्याला एका मिनिटात जे अडवावे लागते, तेच कोंबडीच्या अंड्याला जगण्यासाठी लागते.